पैसे आले, पण कोणाचे? नव्या सेक्रेटरीसाठी नोटिशीपासून उचंत खात्यापर्यंत

सेक्रेटरी झालात की पहिल्या महिन्यातच खजिनदार एक कागद पुढे सरकवतो. बँकेच्या स्टेटमेंटवर चार-पाच ओळींवर पिवळा हायलायटर मारलेला असतो. पैसे सोसायटीच्या खात्यात आले आहेत, पण कोणत्या फ्लॅटचे ते कळत नाही. फ्लॅट कळला तर कोणत्या महिन्याचे ते कळत नाही. तिकडे ज्यांनी पैसे भरले ते निवांत असतात. पुढच्या बिलात थकबाकी आणि व्याज दिसलं की मग रात्री साडेनऊला तुमच्या दाराची बेल वाजते.

आमची सोसायटी डोंबिवलीची. दोन विंग, प्रत्येकी चोवीस फ्लॅट. महिन्याचं बिल 2,750 रुपये. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवा शुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा शुल्क, म्हणजे आमच्याकडे 150 रुपये जास्त. चारचाकीच्या पार्किंगचे 300 वेगळे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत. मार्चअखेरीस माझ्याकडे बेवारशी जमा होती 24,720 रुपये, सहा नोंदींची. ती कशी सोडवली ते क्रमाने सांगतो.

आधी पैसे उचंत खात्यात टाका

अंदाजाने कोणाच्याही नावावर जमा टाकायची नाही, ही पहिली गोष्ट. ‘बहुतेक बी-204चेच असतील’ म्हणून टाकलेली एक नोंद नंतर दोन सभासदांची खाती बिघडवते, कारण ज्याचे पैसे होते तो थकबाकीदार दिसतो आणि ज्याचे नव्हते त्याच्या नावावर जादा जमा दिसते. पैसे बँकेत आले त्याच तारखेला रोजकीर्दीत जमा घ्या आणि समोर ‘उचंत’ लिहा. हल्ली सगळे सस्पेन्स म्हणतात, तेच ते. बँकेची शिल्लक आणि वहीची शिल्लक जुळते, आणि पैसा कुणाचा हे अजून ठरायचंय हेही वहीत दिसतं.

उचंत खात्याला सोसायटीचं उत्पन्न समजू नका. ताळेबंदात ते देणी बाजूला बसतं, कारण ते पैसे कुणाचे तरी आहेत. उचंत असताना पावतीही फाडायची नाही. पावती नावावर फाटते, आणि नाव तर माहीत नाही.

उचंत नोंदींसाठी मी एक साधी वही ठेवली आहे. तारीख, रक्कम, पैसे कसे आले (यूपीआय, एनईएफटी, आयएमपीएस, चेक की रोख), स्टेटमेंटवरची नरेशनची ओळ जशीच्या तशी, आणि व्यवहार क्रमांक. शेवटचा रकाना ‘कधी आणि कशावरून सुटली’. हा रकाना ऑडिटरला फार आवडतो.

नोटीस लावण्याआधी घरचा अभ्यास

माझी पहिली नोटीस फसली होती. मी लिहिलं होतं, ‘ज्यांनी फ्लॅट नंबर न लिहिता मेंटेनन्स भरला आहे त्यांनी सेक्रेटरींना कळवावे.’ दोन दिवसांत एकोणीस स्क्रीनशॉट आले. सगळे आधीच ओळख पटलेल्या पैशांचे. ज्यांचे सापडत नव्हते त्यातला एकही आला नाही, कारण आपण फ्लॅट नंबर लिहिला नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तेव्हापासून नोटीस लावण्यापूर्वी जेवढं स्वतः सोडवता येईल तेवढं सोडवतो. सर्वांत आधी मागची स्टेटमेंट चाळतो. 5 जानेवारीचे 2,750 यूपीआयने आले होते, नरेशनमध्ये अर्धवट कापलेलं नाव आणि ‘maintenance’ एवढाच शब्द. त्याच यूपीआय आयडीवरून ऑक्टोबरमध्ये पैसे आले होते आणि तेव्हा नोटमध्ये ए-106 लिहिलेलं होतं. फोन केला, खात्री झाली. असं एकदा सापडलं की कोणत्या खात्यावरून कोणत्या फ्लॅटचे पैसे येतात याचा तक्ता करून ठेवा. सभासदांच्या ‘आय’ नोंदवहीतली नावं इथे पुरत नाहीत. पैसे बायकोच्या माहेरच्या नावाच्या खात्यातून येतात, पुण्यातल्या मुलाच्या खात्यातून येतात, भाडेकरूच्या कंपनीकडून येतात. मात्र तक्ता फक्त सुगावा देतो, पुरावा नाही. एकाच मुलाच्या खात्यातून आईवडिलांचा आणि स्वतःचा असे दोन फ्लॅट भरले जात असतील तर तक्ता फसवतो.

मग रकमेकडे बघतो. 11 फेब्रुवारीला 2,900 आले होते. म्हणजे भाड्याचा फ्लॅट, गाडी नाही. असे आमच्याकडे चारच फ्लॅट. त्यातल्या तिघांचा फेब्रुवारी जमा होता, चौथा ए-203 बाकी होता. मालक बदलापूरला राहतात, त्यांना फोन लावला. त्यांनी भाडेकरूला विचारलं आणि भाडेकरूने व्यवहार क्रमांक पाठवला. तेव्हाच नोंद फिरवली. नुसत्या हिशेबावरून फिरवली नसती.

20 मार्चचे 2,570 हा गमतीचा प्रकार. आमच्याकडे 2,570चं बिलच नाही. 2,750 वजा 2,570 म्हणजे 180, आणि 180ला 9ने भाग जातो. जुने कारकून लोक हे सांगायचे की फरकाला नऊने भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असेल असं समजून शोध सुरू करावा. यूपीआयवर रक्कम हाताने टाकताना सात आणि पाच उलटले होते. मार्चचे पैसे न आलेले सात फ्लॅट होते, त्यांना रक्कम न सांगता विचारलं की तुम्ही वीस तारखेला किती पाठवलेत. बी-105च्या काकूंनी मोबाइल उघडून 2,570 वाचून दाखवलं आणि स्वतःच हसायला लागल्या. 180 पुढच्या बिलात गेले.

लक्षात घ्या, रक्कम आपण आधी सांगायची नाही, समोरच्याला सांगू द्यायची. हा नियम पुढे नोटिशीतही लागतो.

सहापैकी तीन अशा सुटल्या. उरल्या तीन: 9 फेब्रुवारीचे 8,250, 3 मार्चचे 5,500 आणि 12 मार्चची 2,750ची रोख भरणा. त्यांच्यासाठी नोटीस.

नोटिशीत काय लिहायचं आणि काय झाकायचं

स्टेटमेंटचा फोटो नोटीस बोर्डवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. त्यात इतरांची नावं, खात्यांचे भाग, कुणी किती उशिरा भरलं हे सगळं असतं. आणि सगळा तपशील उघड केला तर खरा मालक कोण हे पडताळायला आपल्याकडे काही उरत नाही. मी तारीख, प्रकार आणि रक्कम देतो. व्यवहार क्रमांक अजिबात देत नाही. तो दावा करणाऱ्याने आणायचा. यूपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक बारा अंकी असतो, एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा. कुणी आठ अंकी काहीतरी पाठवलं तर ते ॲपचं अंतर्गत काहीतरी आहे, बँकेचं नाही. त्यांना व्यवहाराच्या तपशिलाचं पान उघडून यूटीआर शोधायला सांगा.

मी लावलेली नोटीस अशी होती:

> सूचना
> जावक क्र. ___ दिनांक ___
>
> सर्व सभासद व रहिवासी यांना कळविण्यात येते की, संस्थेच्या बँक खात्यात खालील रकमा जमा झाल्या असून त्यांवर फ्लॅट क्रमांक व महिना नमूद नसल्याने त्या कोणाच्याही खाती जमा करता आलेल्या नाहीत.
>
> 9 फेब्रुवारी – एनईएफटी – रु. 8,250
> 3 मार्च – आयएमपीएस – रु. 5,500
> 12 मार्च – बँकेत रोख भरणा – रु. 2,750
>
> यांपैकी रक्कम आपली असल्यास दिनांक ___ पर्यंत विंग व फ्लॅट क्रमांक, कोणत्या महिन्याचे पैसे, पूर्ण व्यवहार क्रमांक आणि ज्या खात्यातून पैसे गेले त्या खातेदाराचे नाव संस्थेच्या ईमेलवर किंवा कार्यालयात लेखी द्यावे. रोख भरणा असल्यास बँकेच्या शिक्क्याची स्थळप्रत दाखवावी. खात्याचा पिन, ओटीपी किंवा कार्डाचा तपशील कोणालाही देऊ नये. संस्था तो कधीही मागणार नाही.
>
> ओळख पटल्यावर रक्कम बँकेत जमा झाल्याच्या तारखेपासून हिशेबात धरली जाईल व तोपर्यंत लागलेले व्याज वजा केले जाईल. महिना न कळविल्यास रक्कम सर्वांत जुन्या थकबाकीकडे वळती केली जाईल.
>
> आपला मेंटेनन्स भरूनही बिलात थकबाकी दिसत असल्यास वरील यादीत रक्कम नसली तरी कृपया संपर्क साधावा.
>
> सचिव, व्यवस्थापक समितीकरिता

शेवटचं वाक्य आधी नव्हतं. ते घालायचं कारण एक सभासद. त्यांचे पैसे आमच्या स्टेटमेंटवर कुठेच नव्हते, कारण त्यांचा यूपीआय व्यवहार अडकून दोन दिवसांनी त्यांच्याच खात्यात परत गेला होता. हातात स्क्रीनशॉट होता, त्यावर ‘प्रोसेसिंग’ लिहिलेलं. त्यांना वाटत होतं पैसे गेले. म्हणून स्क्रीनशॉटवर कधीही जमा टाकायची नाही. स्टेटमेंटवर तोच क्रमांक आणि तीच रक्कम दिसली पाहिजे.

नोटीस बोर्डवर लावा, ग्रुपवर टाका, आणि ज्यांचा फ्लॅट बंद असतो त्यांना ईमेल करा. भाडेकरू आणि मालक दोघांनाही पाठवा. बिल मालकाच्या नावाचं असलं तरी बऱ्याचदा पैसे भाडेकरू भरतो आणि नोटीस बोर्ड तोच वाचतो.

महिना नसेल तर

फ्लॅट सापडला की काम संपलं असं वाटतं. ते तसं नाही, आणि 8,250च्या नोंदीत आम्ही इथेच अडकलो.

नोटिशीनंतर बी-401चे सभासद आले. यूटीआर बरोबर होता, पैसे त्यांच्या मेव्हण्याच्या खात्यातून आले होते. त्यांच्या नावावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशी चार बिलं थकलेली होती. 8,250 म्हणजे तीन बिलं. मी म्हटलं, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. ते म्हणाले, नाही, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. नोव्हेंबर आम्ही जुन्या खजिनदारांना रोख दिला होता. पावती? नव्हती.

इथे भारतीय करार अधिनियम, 1872 मधली तीन कलमं उपयोगी पडतात: 59, 60 आणि 61. कलम 59 म्हणतं, देणेकऱ्याने पैसे देतानाच हे कोणत्या देण्याचे ते सांगितलं किंवा परिस्थितीवरून ते उघड होत असेल, आणि आपण ते पैसे स्वीकारले, तर त्याच देण्याकडे लावायचे. कलम 60 म्हणतं, त्याने काही सांगितलं नाही तर घेणेकरी आपल्या मर्जीने कोणत्याही खऱ्या, देय झालेल्या बाकीकडे लावू शकतो. आणि दोघांनीही काही ठरवलं नाही तर कलम 61 प्रमाणे जुन्या देण्यापासून क्रमाने. म्हणजे नरेशनमध्ये ‘DEC JAN FEB’ लिहिलं असतं तर आम्हाला ते मानावं लागलं असतं. काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून जुनं आधी. आमच्या सर्वसाधारण सभेचा ठरावही तोच आहे. असा ठराव नसेल तर पुढच्या सभेत करून घ्या, आणि आधी मुद्दल की आधी व्याज तेही त्यातच लिहा, नाहीतर दर वेळी नव्याने भांडण.

मी त्यांना वहीवर दाखवलं की यात त्यांचाच फायदा आहे. बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत पैसे न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो, आणि थकबाकीदाराला समितीची निवडणूक लढवता येत नाही. नोव्हेंबर तसाच ठेवला असता तर ते थकबाकीदारच राहिले असते. नोव्हेंबर मिटला की सर्वांत जुनी बाकी फेब्रुवारीची उरते. शिवाय आमच्याकडे व्याज वार्षिक 21 टक्के, सरळ व्याज. म्हणजे 2,750वर महिन्याला सुमारे 48 रुपये. जुनं बिल जितकं लोंबकळेल तितकं ते चालू राहतं.

नोव्हेंबरच्या रोखीची तक्रार मी वेगळी लिहून घेतली. ती जुन्या रोजकीर्दीशी आणि पावतीपुस्तकाशी पडताळायची गोष्ट आहे. तिचा गुंता या 8,250मध्ये होऊ द्यायचा नाही. ते नाराज होऊन गेले, पण नंतरची तीन बिलं त्यांनी नरेशनसह भरली.

व्याज कोणत्या तारखेपासून

या एका मुद्द्यावर मी समितीतल्या दोघांशी वाद घातला होता. त्यांचं म्हणणं, चूक सभासदाची आहे, त्याने फ्लॅट नंबर लिहिला नाही, मग व्याज त्यानेच सोसावं. मला हे पटत नाही. पैसे आपल्या खात्यात पडून होते. उशिरा पैसे आल्याबद्दल व्याज असतं, उशिरा ओळख पटल्याबद्दल नाही.

ए-203चं उदाहरण घ्या. फेब्रुवारीचं बिल भरायची मुदत 15 फेब्रुवारी. पैसे आले 11 फेब्रुवारीला, ओळख पटली मार्चच्या शेवटी. मधल्या काळात मार्चच्या बिलात 2,900 थकबाकी आणि 51 रुपये व्याज लागलं होतं. उचंत खात्यातून 2,900 त्यांच्या खाती जमा केले, 51 रुपयांची व्याजकपातीची नोंद केली, आणि पावतीवर आजची तारीख घालून खाली लिहिलं: ‘बँकेत जमा 11 फेब्रुवारी’. पावतीची तारीख मागची घालायचा मोह होतो, तो टाळा. पावती क्रमांकाचा क्रम आणि तारखांचा क्रम बिघडला की ऑडिटला उत्तरं द्यावी लागतात.

रोखीची गोष्ट

12 मार्चच्या भरण्यावर स्टेटमेंटमध्ये फक्त ‘BY CASH’ होतं. यूटीआर नाही, नाव नाही. नोटिशीला आठवडाभर उत्तर नाही. मग मी शाखेत गेलो आणि सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज देऊन त्या दिवसाची भरणा चिठ्ठी दाखवायला सांगितली. चिठ्ठीवर निळ्या शाईत, मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: बी-302, मार्च. आजोबांनी सगळं व्यवस्थित लिहिलं होतं, चिठ्ठीवरचा मजकूर स्टेटमेंटवर उतरला नव्हता इतकंच. नोटीस त्यांनी वाचली होती, पण ‘मी तर लिहिलंय, मग हे माझे नसणार’ असं त्यांना वाटलं. त्यांची चूक शून्य. मात्र पैसे मशीनमध्ये भरले असते तर अशी चिठ्ठीही मिळाली नसती, म्हणून रोख भरणाऱ्यांना मी आता शाखेतच भरा आणि स्थळप्रतीचा फोटो त्याच दिवशी पाठवा असं सांगतो.

पुढच्या महिन्यापासून

बिलाच्या तळाशी आम्ही आता प्रत्येकाचा मजकूर छापूनच देतो. शेरा किंवा रिमार्कच्या जागी असं लिहायचं:

```
B304 MAR25
```

विंग आधी, कारण 304 दोन्ही विंगमध्ये आहे. फ्लॅट सर्वांत पुढे, कारण बँका नरेशन शेवटी कापतात. ‘Maintenance for the month of’ लिहून झाल्यावर फ्लॅट नंबरला जागाच उरत नाही. मधे रेघा किंवा तिरक्या रेघा नकोत, काही बँकांच्या ॲपला त्या चालत नाहीत. महिन्याची तीन अक्षरं आणि वर्षाचे दोन आकडे. तीन महिन्यांचे एकदम भरायचे तर B304 JAN MAR25.

प्रत्येक फ्लॅटचा वेगळा क्यूआर करून दरवाजावर चिकटवणाऱ्या सोसायट्याही आहेत. त्याच्या आत हा असा दुवा असतो, आणि tn मध्ये लिहिलेलं नोटमध्ये आपोआप जातं:

```
upi://pay?pa=SOCIETY_UPI_ID&pn=Society&cu=INR&tn=B304
```

रक्कम त्यात मुद्दामच घालू नये, कारण थकबाकी असेल त्याचं बिल वेगळं असतं. लावण्याआधी आपल्या बँकेच्या स्टेटमेंटवर ती नोट उतरते का हे एक रुपया पाठवून बघा. उतरत नसेल तर क्यूआरचा उपयोग नाही. सोसायटी मोठी असेल तर बँकेकडे व्हर्च्युअल खाते क्रमांकाची चौकशी करा. प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र क्रमांक मिळतो, पैसे मुख्य खात्यातच येतात, आणि फ्लॅट कोणता हा प्रश्न राहत नाही. महिन्याचा प्रश्न तरीही राहतो, त्याला ठरावच लागतो. आमच्या अठ्ठेचाळीस फ्लॅटना बिलाखालची ओळ पुरली.

एका फोनपासून मात्र सावध राहा. नोटीस लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी मला अनोळखी माणसाचा फोन आला की 5,500 चुकून तुमच्या सोसायटीत आले, या नंबरवर परत पाठवा. रक्कम त्याने बरोबर सांगितली, ती तर नोटिशीतच होती. बारा अंकी क्रमांक विचारला तर सांगता आला नाही. पैसे परत करायची वेळ आलीच तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, समितीच्या ठरावाने, आणि शक्यतो त्याच्या बँकेकडून आपल्या बँकेला तसं पत्र आल्यावर. दुसऱ्या नंबरवर, दुसऱ्या खात्यात, रोखीने, कधीच नाही.

ते 5,500 अजून उचंत खात्यात आहेत. ऑडिटरने विचारलं तेव्हा वही, दोन नोटिशींच्या प्रती आणि बँकेला लिहिलेलं पत्र पुढे ठेवलं. त्याने ताळेबंदात देणी बाजूला ती रक्कम तशीच राहू दिली. एका सदस्याने सुचवलं की आता रंगकामाच्या फंडात टाकून मोकळे होऊ. मी नाही म्हटलं. दर तीन महिन्यांनी बोर्डवर ती एकच ओळ पुन्हा लागते: 3 मार्च, आयएमपीएस, रु. 5,500.